अप्पांच्या वहीत नातवापुढे शून्य (एकत्र घर, कमावता मुलगा आणि बक्षीसपत्र)

सातारकरीण
लिहू की नको असं करत महिना गेला. आज लिहितेच.

आमचं घर साताऱ्यात. सासरे (अप्पा) ७९ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. सासूबाई (माई) ७३, नवरा ५४, मी ५१ आणि मुलगा २५. मुलगा पुण्यात नोकरीला होता. कंपनीने घरून काम करायला परवानगी दिली म्हणून गेल्या वर्षी इकडे आला, वरच्या मजल्यावर बसून काम करतो. दोन नणंदा आहेत, एक कराडला आणि एक पुण्याला.

अप्पांची एक वही आहे. दोनशे पानी फुलस्केप, पोरांच्या पुस्तकांना घालतात तसलं खाकी कव्हर घातलेली. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. एक तारखेला आधी स्वतःचं निवृत्तिवेतन लिहितात, ३१,०००. त्याखाली नवऱ्याचे ३५,०००. नवरा पहिल्या पगारापासून, म्हणजे १९९३ पासून, पैसे अप्पांच्या हातात देतो. पूर्वी सगळा पगार द्यायचा, आता ठरलेली रक्कम देतो. त्याखाली गेले सहा महिने तिसरी ओळ आली आहे : 'चि. नातू', आणि पुढे गोल वाटोळं शून्य.

कोणाला काही बोलत नाहीत. फक्त लिहितात. मी परवा घासलेट... (सवय हो, गॅस म्हणायचं होतं) गॅसची पावती लावायला वही उघडली तेव्हा बघितलं. मुलाला विचारलं तर तो उखडला. "आई, लाइटबिल कोण भरतं?" खरंच आहे. वर एसी बसवल्यापासून बिल ३,४०० च्या आसपास येतं, ते तो भरतो. नेटचे १,१८०. किराणा मोबाइलवरून मागवतो, ते साधारण ५,५००. आणि अप्पा-माईंची औषधं तोच मागवतो, २,७००. बेरीज केली तर १२,७८० होतात. शून्य कुठे आहे?

पण हे सगळं फोनवरून जातं. अप्पांना वाटतं औषधं नवराच आणतो, कारण खोकं घेऊन दारात येणारा माणूस नवऱ्याच्या हातात देऊन जातो.

इथपर्यंत ठीक होतं. गेल्या रविवारी जेवताना अप्पा म्हणाले, "घर नातवाच्या नावावर बक्षीस करून टाकतो. दोनशे रुपयांच्या स्टँपात होतंय." नवऱ्याने ताटातली पोळी तशीच सोडली आणि उठला. चार दिवस बापलेक बोलत नाहीत. वहीत शून्य लिहायचं आणि घर त्यालाच द्यायचं, हे कोडं मला सुटत नाही. तुमच्याकडे कमावती मुलं घरात पैसे कसे देतात? आणि हे बक्षीसपत्र करू द्यावं का?

भाकरतुकडा
ताई, कशाला टेन्शन घेताय. वडिलोपार्जित घरात नातवाचा जन्मापासूनच वाटा असतोय. बक्षीसपत्राची गरजच न्हाई. आणि नणंदांचं म्हणाल तर २००५ पासून पोरींना हक्क लागलाय, त्यांच्याकडनं आत्ताच हक्कसोडपत्र लिहून घ्या, बांगडी-साडी करा, विषय संपला. आमच्याकडं कागलला असंच केलं.

कोर्टाची_पायरी
भाकरतुकडा, थांबा जरा. तुमच्या तीन वाक्यांत तीन गोष्टी अर्ध्या आहेत.

सातारकरीण ताई, आधी एवढं सांगा. प्लॉट कोणी, कधी, कशातून घेतला? वरचा मजला कोणी बांधला? कर्ज होतं का, आणि कुणाच्या नावावर? मी वाईला दिवाणी कामं बघतो. एकत्र घरातली निम्मी भांडणं या तीन प्रश्नांची उत्तरं घरातल्या प्रत्येकाने वेगळी गृहीत धरल्यामुळे माझ्या टेबलावर येतात.

सातारकरीण
प्लॉट १९८६ ला अप्पांनी घेतला, शिक्षकांच्या पतपेढीचं कर्ज काढून. खालच्या तीन खोल्या १९८९ च्या. अप्पांच्या वडिलांचं गावाकडे शेत होतं, ते काकांकडेच राहिलं, त्यातलं काही या घरात आलं नाही. वरचा मजला आम्ही २०१२ ला बांधला. १४ लाखांचं कर्ज, हप्ते नवऱ्याच्या पगारातून गेले, गेल्या वर्षी फिटलं. कर्जाच्या कागदावर अप्पांचीही सही आहे कारण जागा त्यांची. मृत्युपत्र नाही.

इंदूरची_पोर
मी वकील नाही, फक्त मुलगी आहे, २७ वर्षांची, आणि आमचं घर इंदूरला. पणजोबांच्या काळापासून इथेच. आमच्याकडे वही नाही, पण शून्य आहे :)

मी दर महिन्याला आईला १५,००० देते. दादा बंगळूरला, तो काहीच पाठवत नाही, दिवाळीला येताना आजीला साडी आणतो. माझ्या पैशांना घरात 'मदत' म्हणतात. "बाई, पोरगी किती मदत करते!" दादाने एकदा फ्रिज घेऊन दिला तेव्हा आजी म्हणाली, "घर सांभाळायला लागला." तीच आजी, तेच घर. मदत करणारा पाहुणा असतो, सांभाळणारा मालक. मला पैसे परत नकोत, फक्त तो शब्द बदलून हवाय.

तुमच्या मुलाचं निदान खातं तरी उघडलंय अप्पांनी. माझ्या नावाची ओळच नाही.

सुगरण६८
ताई, माझं ऐका, वेगळी चूल मांडा. आमच्यात चिंचवडला सासूबाईंना मसाल्याचं पथ्य, मुलांना पास्ता, मला मधुमेह. रोज कुरबुर. २०१६ ला वर ओटा बांधून घेतला, सिलिंडर वेगळा केला. आता सणाला खाली, एरवी आपापलं. पहिल्या वर्षी सासूबाई सगळ्यांना सांगत सुटल्या की मुलगा वेगळा झाला. आता स्वतःच म्हणतात की बरं झालं, नऊला झोपता येतं. नातवाला पण वर ओटा करून द्या.

सातारकरीण
सुगरण ताई, आमच्याकडे खाण्यावरून काहीच नाही हो. मुलगा माईंच्या हातचं पिठलं खायला तर साताऱ्याला आलाय, असं मी गमतीने म्हणते. प्रश्न वहीचा आणि घराचा आहे.

वाचनवेडा
पण सुगरण६८ यांनी चुकून नेमक्या जागी बोट ठेवलंय. इरावती कर्व्यांनी एकत्र कुटुंबाचं वर्णन करताना जी लक्षणं सांगितली त्यात एका छपराखाली राहणं आहे, एका चुलीवरचं खाणं आहे, मालमत्ता सामाईक असणं आहे, पूजाअर्चा एकत्र असणं आहे. सातारकरीण ताईंच्या घरात छप्पर एक, चूल एक, गणपती एक. मालमत्ता मात्र एकत्र आहे असं सगळे समजतात आणि कागदावर ती एकट्या अप्पांची आहे. आणि तिजोरीची तर दोन तोंडं झाली आहेत. एक वही, एक मोबाइल. अप्पांच्या दृष्टीने मोबाइलमधला पैसा घरात आलेलाच नाही.

कोर्टाची_पायरी
आता घराचं बोलतो. जरा लांब होईल.

प्लॉट अप्पांच्या कमाईतून, खालचं बांधकाम त्यांचं, वाडवडिलांचा पैसा त्यात नाही. म्हणजे ही स्वकष्टार्जित मिळकत आहे. नातवाचा जन्माने येणारा हक्क ज्या मिळकतीत असतो ती ही नव्हे. मुलाचाही नाही. अप्पा हयात आहेत तोवर घर पूर्ण त्यांचं. ते कुणालाही देऊ शकतात, विकू शकतात.

उद्या मृत्युपत्राशिवाय अप्पांचं काही झालं, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याने माई, तुमचे मिस्टर आणि दोन्ही नणंदा असे चार समान वाटे पडतील. प्रत्येकी चार आणे. नातवाला शून्य (हे शून्य वहीतलं नाही, कायद्यातलं), कारण त्याचे वडील हयात आहेत. आणि भाकरतुकडा, मुलींचा हा वाटा २००५ चा नाही. स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ च्या मूळ कायद्यापासून आहे. २००५ ची दुरुस्ती मुख्यतः वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून सहहिस्सेदार करणारी. तिने आणखी एक गोष्ट केली जी लोक विसरतात : पूर्वी राहत्या घराची वाटणी मुली मागू शकत नव्हत्या, भावांनी वाटणी करेपर्यंत थांबावं लागायचं. ते कलम काढून टाकलं.

हक्कसोडपत्राचं म्हणाल तर वडील जिवंत असताना मुलीकडे सोडायला हक्कच नसतो, नुसती आशा असते. आशेचं हक्कसोडपत्र होत नाही. कागलला जे लिहून घेतलंय ते वडिलोपार्जित शेताचं असेल तर गोष्ट वेगळी. स्वतःच्या कमाईच्या घराचं असेल तर तो कागद कपाटातच बरा.

भाकरतुकडा
शेताचंच हाय सायेब. पण घरबी त्यातच धरलंय वाटतं. बघाय लागंल कागद.

कोर्टाची_पायरी
बघा. आणि बघताना मोठ्या बहिणीला विचारून बघा.

ताई, आता तुमच्या १४ लाखांचं. इथेच तुमच्या मिस्टरांचा घास अडकला असणार. मजला बांधला मुलाने, हप्ते भरले मुलाने, पण जमीन दुसऱ्याची असेल तर नुसते हप्ते भरल्याने तो मजला आपल्या मालकीचा होत नाही. बापलेकांमध्ये तेव्हा काही लिहून झालं होतं का? नसणारच, बाप-मुलात कोण लिहितं. बँकेने मात्र लिहून घेतलं, म्हणून तर अप्पांची सही. तेव्हा मिस्टरांची अपेक्षा अशी की मजला माझा, खालचं नंतर बघू. अप्पांची अशी की घर माझं, मुलाने हातभार लावला. दोघंही बारा वर्षं एकाच जिन्याने वर-खाली करत राहिले.

अप्पांनी सगळं घर नातवाला बक्षीस दिलं तर मिस्टरांचे १४ लाख आणि व्याज, सगळं एका सहीत नातवाच्या घरात जाईल. बापाला मुलाच्या घरात राहावं लागेल, आजोबांना नातवाच्या. मुलगा चांगला आहे, मान्य. पण बक्षीसपत्र एकदा नोंदलं आणि स्वीकारलं की मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. मृत्युपत्र मरेपर्यंत दहा वेळा बदलता येतं.

दोनशे रुपयांचं अप्पांनी ऐकलंय ते बरोबर. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेत नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मयत मुलाची बायको यांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. नोंदणी फी आणि स्थानिक अधिभार वेगळे, ते गावाप्रमाणे दुय्यम निबंधकांकडे विचारावेत. पण स्वस्त आहे म्हणून करून टाकू, हे मला गेल्या काही वर्षांत फार ऐकू येतं. तिथे लाख-दोन लाख लागत होते तेव्हा लोक दोन वर्षं विचार करायचे. आता जेवताना ठरतं.

चष्मेबद्दूर_नाना
वकीलसाहेब, एवढं घाबरवू नका. ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा आहे. नातवाने सांभाळलं नाही तर प्रांतांकडे अर्ज करायचा, बक्षीसपत्र रद्द. माझ्या सोसायटीत एकांनी केलंय. वकीलही लागत नाही.

कोर्टाची_पायरी
नाना, बरोबर आहे, पण पूर्ण नाही. त्या कायद्याच्या २३ व्या कलमात असं आहे की सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली असेल आणि घेणारा सांभाळत नसेल, तर देणाऱ्याच्या इच्छेने तो व्यवहार रद्द ठरवता येतो. 'अटीवर' हा शब्द तिथे महत्त्वाचा. २०२२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातल्या एका आईच्या प्रकरणात सांगितलं की तशी अट होती हे दाखवता आलं पाहिजे, नुसतं 'आता सांभाळत नाही' पुरत नाही. मग २०२५ च्या जानेवारीत मध्य प्रदेशातल्या एका आईचं प्रकरण आलं. तिथे मुलाने वेगळ्या कागदावर सांभाळीन असं लिहून दिलं होतं, न्यायालयाने कायद्याचा हेतू बघून बक्षीसपत्र रद्द केलं. म्हणजे अट कागदावर असली तर हात मजबूत. बऱ्याच छापील मसुद्यांत मात्र 'प्रेमापोटी व विनामोबदला' एवढंच असतं. प्रेमापोटी लिहिलं की अट कुठे राहिली?

प्रांतांपुढे वकील लागत नाही हे खरं. पण साठीच्या पुढच्या माणसाने नातवाविरुद्ध अर्ज लिहायला बसायचं म्हणजे काय, हे मी बघितलंय. एक आजोबा माझ्याकडे तीन वेळा आले, तिन्ही वेळा अर्ज वाचला, घडी घातली, खिशात ठेवला आणि चहा पिऊन घरी गेले.

डॅलसवासी
थोडं अवांतर. आम्ही इथे तिघंच, पण अपेक्षा एकत्र घरातल्याच. दोन्ही बाळंतपणांना आई-बाबा सहा-सहा महिने आले. मला वाटायचं ते नातवंडांसाठी आले. दुसऱ्या खेपेला बाबांनी विमानतळावर विचारलं, "आता आमच्या वेळेला तू किती महिने येशील?" मला तेव्हा कळलं की ती सुट्टी नव्हती, उसनं होतं. उत्तर अजून दिलेलं नाही. अप्पा निदान लिहून तरी ठेवतात.

निवृत्त_मास्तर
मी ७४ वर्षांचा, मीही शिक्षकच होतो, माझ्याकडेही वही आहे. कव्हर मात्र वर्तमानपत्राचं. म्हणून अप्पांच्या बाजूने दोन शब्द.

शून्याचा अर्थ सगळ्यांनी रागाचा घेतला आहे. मला तसं वाटत नाही. हजेरीपटावर मूल आलं नाही तर जागा मोकळी सोडत नाहीत, खूण करतात. मोकळी सोडली तर उद्या कोणी काहीही भरेल. अप्पांनी सहा महिने त्याची ओळ चालू ठेवली आहे. ज्याला घरात धरत नाहीत त्याच्या नावाने कोणी ओळ आखत नाही. इंदूरच्या मुलीने ते अचूक पकडलं.

आमच्या काळात पगार रोख मिळायचा, पाकिटात. मी १९७४ साली पहिला पगार घेऊन घरी आलो, देवापुढे ठेवला, मग वडिलांच्या हातात दिला. त्यांनी मोजला, त्यातले वीस रुपये मला परत दिले. मला नोकरी लागली हे घरात तेव्हा पक्कं झालं. आणि वडील कर्ते आहेत हेही तेव्हाच पक्कं झालं, कारण परत देणारे ते होते. मोबाइलमध्ये हे परत देणं होत नाही. नातू औषधं आणतो म्हणजे आजोबांना घेणारा करून टाकतो, आणि तेही न सांगता. या वयात घ्यावं लागतं हे कळतं हो, पण कोण देतंय एवढं तरी माहीत असावं.

घराचं विचाराल तर मला वाटतं अप्पांना भीती आहे की नातू पुण्याला परत जाईल. कंपनीने बोलावलं तर जाईलच. घर त्याच्या नावावर असलं तर येत राहील. खुंटीला बांधणं आहे ते. चूक आहे, पण अर्थ तो आहे.

सातारकरीण
मास्तर, तुमचं वाचून मी थोडा वेळ फोन बाजूला ठेवला. कंपनीच्या मेलबद्दल मुलगा मे महिन्यात जेवताना बोलला होता, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस सुरू होईल म्हणून. तेव्हा अप्पा पानावर होते. घराचं बोलणं त्यानंतरच निघालं.

इंदूरची_पोर
मास्तरांचं पटलं, पण एक शंका. वीस रुपये परत देणारे वडील मला चालतील. पण मग मी कुठे जाते, कधी येते, कुणाबरोबर, हेही त्याच वहीत लिहिणार ना? आमच्याकडे पैसे आईच्या हातात देते म्हणून तिला वाटतं की नऊच्या आत घरी येणंही ठरलेलं आहे. पैसे दिले तरी लहान, नाही दिले तरी लहान.

निवृत्त_मास्तर
याचं उत्तर माझ्याकडे नाही, बाळ. माझी नात मला विचारून जात नाही, सांगून जाते. 'विचारून' आणि 'सांगून' यात आम्ही दोन वर्षं भांडलो. शेवटी 'सांगून' वर थांबलो. तिची आई अजून थांबलेली नाही.

चष्मेबद्दूर_नाना
मधल्या पिढीबद्दल कोणीच बोलेना. सातारकरीण ताईंचे मिस्टर बत्तीस वर्षं पगार देत आलेत. बापाला देताना मुलगा, पोराकडे मागताना बाप, आणि मजल्याचे हप्ते भरताना कोणीच नाही. माझंही तेच झालं. वडिलांना विचारल्याशिवाय स्कूटर घेतली नाही, आणि मुलाने गाडी घेतली ते मला सोसायटीच्या वॉचमनकडून कळलं.

कोर्टाची_पायरी
नाना बरोबर बोलले. म्हणून माझा सल्ला मिस्टरांपासून सुरू होतो.

बक्षीसपत्र सध्या नको. अप्पांनी मृत्युपत्र करावं. त्याला स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. दोन साक्षीदार हवेत, आणि ज्यांना मिळणार आहे त्यांपैकी कोणी साक्षीला नको, नंतर संशयाला जागा राहते. अप्पा ७९ चे आहेत, तेव्हा त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडावा की समजून-उमजून सही करत आहेत. आत काय लिहायचं हा त्यांचा प्रश्न. पण मी समोर असतो तर चार गोष्टी विचारल्या असत्या. माई हयात असेपर्यंत खालच्या मजल्यावर त्यांचाच ताबा राहील का? वरच्या मजल्यावर मुलाने घातलेले पैसे तुम्हाला मान्य आहेत का, असतील तर तसं एका वाक्यात लिहाल का? मुलींना घरात द्यायचं नसेल तर दुसरं काय देणार, आणि ते त्यांना तुमच्या तोंडून कळणार की माझ्या नोटिशीतून? नातवाला काय?

तरीही बक्षीसपत्रच करायचं असेल, तर त्यात अप्पा-माईंचा मरेपर्यंत राहण्याचा हक्क आणि सांभाळाची अट स्पष्ट लिहा. 'सांभाळ' म्हणजे काय तेही लिहा : जेवण, औषधोपचार, खालची खोली.

सुगरण६८
वकीलसाहेब, ओटा कोणाच्या नावावर येतो? आमचा वरचा ओटा मी माझ्या भिशीच्या पैशांतून बांधलाय.

कोर्टाची_पायरी
ताई, घर ज्याचं, ओटा त्याचा. पावत्या मात्र जपून ठेवा.

सातारकरीण
दहा दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचे आभार, काय झालं ते सांगते.

मुलाला मास्तरांचा प्रतिसाद वाचायला दिला. तो काही बोलला नाही. रविवारी सकाळी खुर्ची ओढून अप्पांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "अप्पा, लिहा." मोबाइल उघडून महिन्याचे आकडे वाचत गेला. लाइट ३,३६०. अप्पांनी लिहिलं. नेट १,१८०. लिहिलं. किराण्याच्या तीन ऑर्डरी होत्या, त्या अप्पांनी तीन वेगळ्या ओळींत घेतल्या. मग तो म्हणाला, "औषधं, २,७१२." अप्पांचं पेन थांबलं. "कसली औषधं?" "तुमची. बीपीची आणि माईंच्या गुडघ्याची." अप्पांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि आकडा लिहिला. जमेच्या बाजूला त्याची बेरीज मांडली, आणि जुनी सहा शून्यं खोडली नाहीत. मी म्हटलं, "मागचीही भरून घ्या की." म्हणाले, "मागचं मी लिहिलेलं नाही, मला माहीत नव्हतं, ते तसंच राहू दे." मास्तरच ते.

आणि लगेच नवीन भांडण. "नेटला दर महिन्याला १,१८०? आणि या तीन ऑर्डरींत तूरडाळ दोनदा कशी?" मुलगा म्हणाला, "अप्पा, पैसे माझे आहेत." अप्पा म्हणाले, "डाळ घरातली आहे." माई आतून हसल्या, ते सगळ्यांना ऐकू आलं.

घराचं मात्र तेवढं सोपं झालेलं नाही. नवऱ्याने पहिल्यांदाच अप्पांना तोंडावर सांगितलं की मजल्याचे १४ लाख माझे होते. अप्पा म्हणाले, "मी कुठे नाही म्हटलं?" नवरा म्हणाला, "हो तरी कुठे म्हटलंत?" त्यावर दोघंही गप्प. बक्षीसपत्राचं बोलणं सध्या मागे पडलंय. मृत्युपत्राचं नाव काढलं की माई उठून देवघरात जातात, त्यांना तो शब्दच घरात नकोय. धाकट्या नणंदेला कुठून तरी सगळं कळलंय. ती शनिवारी येतेय, फोनवर एवढंच म्हणाली, "वहिनी, मला घर नकोय, पण मला कोणी विचारलं का?"

निवृत्त_मास्तर
तिच्या नावाची ओळ आहे का वहीत?

सातारकरीण
लग्नाआधीच्या वह्या माळ्यावर आहेत. तिने दोन वर्षं शिकवण्या घेतल्या होत्या, ते पैसे अप्पांच्या हातात दिल्याचं ती अजून सांगते. शनिवारच्या आत काढून बघते.